क्रेडिट रिपोर्ट मागणाऱ्या तिऱ्हाइतांविषयी रिझर्व्ह बँकेला खुले पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक,
मुंबई

विषय: कर्ज देण्याशी संबंध नसलेल्या व्यक्ती व संस्था ग्राहकाकडूनच त्याचा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट मागून घेतात, त्याबाबत.

महोदय,

मी एका बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो आहे. नोकरीच्या काळात कर्ज मागणाऱ्यांचे क्रेडिट रिपोर्ट वाचणे हेच माझे रोजचे काम होते, आणि निवृत्तीनंतर ओळखीची माणसे स्वतःचे रिपोर्ट घेऊन येतात म्हणून ते वाचन अजूनही सुटलेले नाही. ही माणसे पूर्वी एकाच कारणासाठी येत: घराचे किंवा गाडीचे कर्ज नाकारले गेले, म्हणून. अलीकडे येणाऱ्यांमध्ये कर्ज नकोच असलेली माणसे बरीच असतात. कुणाकडे नव्या नोकरीच्या कंपनीने रिपोर्ट मागितलेला असतो, कुणाकडे फ्लॅटच्या मालकाने, आणि विमा एजंटाने मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला तेव्हा आपण नेमकी कशाला परवानगी दिली, हे कुणाला आता कळून घ्यायचे असते. या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो की, ‘यांना माझे सिबिल बघता येते का, आणि येत असेल तर त्यात काय काय दिसते?’ सिबिल ही चार क्रेडिट माहिती कंपन्यांपैकी एक असली, आणि एक्स्पेरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क या उरलेल्या तिघीही तेच काम करत असल्या, तरी लोकांच्या तोंडी चौघींनाही एकच नाव आहे.

पहिल्या प्रश्नाचे कायद्यातले उत्तर पुरेसे स्पष्ट आहे. क्रेडिट माहिती कंपन्या (नियमन) कायदा, 2005 नुसार ही माहिती फक्त ‘विनिर्दिष्ट वापरकर्त्या’ला मिळते. म्हणजे बँका, वित्त कंपन्या यांसारख्या कर्ज देणाऱ्या संस्था, स्वतः क्रेडिट माहिती कंपन्या आणि आपल्या बँकेने 2006 च्या विनियमांत ज्यांची भर घातली ते इतर. या इतरांमध्ये विमा कंपन्या आहेत, दूरध्वनी व मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्या आहेत, सेबीकडे नोंदणी असलेले शेअर दलाल आणि पतमानांकन संस्थाही आहेत. नोकरी देणारी सर्वसाधारण कंपनी त्यात नाही आणि घरमालकही नाही. याच कायद्याच्या कलम 22 प्रमाणे अधिकार नसताना ही माहिती मिळवणे हा गुन्हा आहे, त्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि अशा रीतीने मिळालेली माहिती कोणत्याही कारणासाठी विचारात घेता येत नाही असेही तिथे म्हटले आहे.

इतका पक्का बंदोबस्त असताना माझ्याकडे ही माणसे का येतात, याचे कारण त्याच कलमाच्या शब्दरचनेत आहे. कलम 22 क्रेडिट माहिती कंपनीच्या, कर्ज देणाऱ्या संस्थेच्या किंवा विनिर्दिष्ट वापरकर्त्याच्या ताब्यातल्या माहितीविषयी बोलते. मी स्वतःचा रिपोर्ट उतरवून घेतला की ती पीडीएफ फाइल माझ्या ताब्यात आलेली असते. दर कॅलेंडर वर्षात प्रत्येक कंपनीकडून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळण्याची सोय आपल्याच बँकेच्या आदेशाने 2017 पासून झाली आहे, त्यामुळे ती फाइल मिळवणे अवघडही राहिलेले नाही. ज्याला क्रेडिट माहिती कंपनीच्या दारात उभे राहता येत नाही, तो मलाच आत जाऊन ती आणायला सांगतो. मी ती आणून त्याच्या हाती दिली की कायद्याच्या लेखी काहीच घडलेले नसते: एका माणसाने स्वतःचा कागद दुसऱ्याला स्वखुशीने दाखवला, एवढेच.

ही स्वखुशी कशी असते, ते एका प्रकरणावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून नावगाव देत नाही. लातूर जिल्ह्यातली एक मुलगी, शैक्षणिक कर्ज काढून पदवी घेतलेली, पुण्यात दोन वर्षे एका छोट्या कंपनीत नोकरी केलेली. तिला एका मोठ्या कंपनीत पगारपत्रके तयार करण्याच्या विभागात जागा मिळाली आणि ऑफर लेटरही हातात आले. त्यानंतर पार्श्वभूमी तपासणाऱ्या त्रयस्थ संस्थेचा ईमेल आला. त्यात आधार, पॅन, पदवीचे प्रमाणपत्र, मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, जुन्या कंपनीचे रिलीव्हिंग लेटर यांच्या यादीत एक ओळ होती: ‘सिबिल रिपोर्ट, सर्व पाने, पीडीएफ’. स्कोअरचे पान पुरणार नाही, असेही बजावले होते. जुन्या कंपनीचा राजीनामा दिलेला, नोटीस पिरियड संपत आलेला. अशा वेळी त्या ओळीला नाही म्हणणारी मुलगी मला तरी भेटलेली नाही. तिने रिपोर्ट पाठवला, आणि चार दिवसांनी फोन आला की तुमच्या नावावर ‘राइट-ऑफ’ दिसते आहे, खुलासा मिळेपर्यंत जॉइनिंग थांबवले आहे. मग ती छापील पाने घेऊन माझ्याकडे आली.

तिच्या रिपोर्टात तीन खाती होती. पहिले शैक्षणिक कर्जाचे. अभ्यासक्रम आणि त्यापुढची सवलतीची मुदत संपल्यावर पहिला हप्ता लागू झाला, तेव्हा खात्यातून आपोआप हप्ता वळता करण्याची नोंदणी शाखेत पूर्ण झालेली नव्हती. म्हणून त्या खात्याच्या महिनावार चौकटींत सुरुवातीला एक 031 आणि पुढच्या महिन्यात एक 027 दिसत होता, आणि त्यानंतर सगळीकडे 000. हे आकडे म्हणजे त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकला होता ते. रिपोर्टात ही ओळ DPD या नावाने येते आणि साधारणपणे मागच्या 36 महिन्यांची असते. दुसरे खाते वडिलांच्या मोटारसायकलच्या कर्जाचे, ज्याला ती जामीन होती. तिसरे क्रेडिट कार्डाचे, आणि घोटाळा तिथे होता. कॉलेजात बचत खाते उघडताना फॉर्मबरोबर दिलेले ते कार्ड तिने एकदाही वापरले नव्हते. पहिले वर्ष वार्षिक फी माफ होती. दुसऱ्या वर्षी 499 रुपये फी आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असे 588 रुपये 82 पैसे लागले. बिल बंद पडलेल्या ईमेलवर जात राहिले. त्यावर उशिराचा आकार, आकारावर कर, सगळ्यावर व्याज असे करत रक्कम चार हजारांच्या पुढे गेली, आणि शेवटी कार्ड देणाऱ्या संस्थेने ती वसूल न होणारी रक्कम म्हणून निर्लेखित केली. DPD च्या चौकटींत 029, 060, 090, 121 अशी चढती रांग आणि स्थितीच्या रकान्यात निर्लेखनाची नोंद.

कर्ज देताना मी हे खाते पाहिले असते, तर दोन मिनिटांत बाजूला ठेवले असते. मंजूर मर्यादा किती, सर्वाधिक वापर किती आणि थकबाकी किती हे तीन आकडे शेजारी ठेवले की न वापरलेल्या कार्डाची फी थकली आहे, हे सरावलेल्या माणसाला दिसते, कारण पैसे उचलून बुडवणाऱ्याचा सर्वाधिक वापर मर्यादेच्या जवळ गेलेला असतो. पण तपासणी संस्थेतल्या मुलाच्या हाती हो-नाहीची यादी होती, आणि निर्लेखन म्हटल्यावर त्याने लाल खूण केली. मुलीने पैसे भरले, ना-हरकत दाखला घेतला, रिपोर्टात दुरुस्तीसाठी अर्ज केला. अशी तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा आपला नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे आणि तो चांगलाच आहे; पण तिच्या कामाला 30 दिवस लागलेच, आणि तोवर जागा दुसऱ्याला गेली होती. कंपनीने लेखी कारण दिले नाही. तसे ते देण्याचे बंधन तिच्यावर नाही.

इथवरचे कदाचित आपल्या कानावर आधीही आले असेल. याहून कमी बोलली जाणारी गोष्ट अशी की, त्या तपासणी संस्थेने तिच्याविषयी जे पाहिले, ते मला माझ्या सगळ्या नोकरीत कधी पाहायला मिळाले नाही. बँकेला क्रेडिट माहिती कंपनीकडून जो रिपोर्ट येतो, त्यात ग्राहकाची इतरत्र असलेली कर्जे दिसतात, पण ती कुणाकडे आहेत ते दिसत नाही. संस्थेच्या नावाच्या जागी NOT DISCLOSED असे छापलेले असते, आणि खाते क्रमांकही झाकलेला असतो. नावानिशी दिसते ते फक्त स्वतःच्या बँकेतले खाते. असे असण्यामागे एका बँकेने दुसरीचे ग्राहक पळवू नयेत हा हेतू असला, तरी त्यातून ग्राहकाचेही रक्षण होते. ग्राहकाने स्वतःसाठी काढलेल्या प्रतीत मात्र हे झाकण नसते, आणि नसावेच, कारण चूक कुणाकडे जाऊन दुरुस्त करायची हे त्याला कळले पाहिजे. तिथे प्रत्येक संस्थेचे नाव, खाते क्रमांक, मंजूर रक्कम, शिल्लक, हप्ता, तारण, सहकर्जदार आहे की जामीन, हे सगळे असते. वर जन्मतारीख, पॅन, असल्यास मतदार ओळखपत्राचा किंवा पासपोर्टचा क्रमांक, वेगवेगळ्या काळात दिलेले पत्ते, जुने-नवे मोबाइल नंबर, ईमेल. तळाशी कोणत्या संस्थेत, कोणत्या तारखेला, कशासाठी आणि किती रकमेच्या कर्जाची चौकशी झाली याची यादी. म्हणजे ज्याला कायद्याने काहीच दाखवायचे नाही त्याच्या हाती बँकेला मिळते त्याहून अधिक भरलेली प्रत पडते.

या पानांवरून मनुष्यबळ विभागातल्या माणसाला काय काय कळते, याचा विचार करावा. त्या मुलीचे वडील मोटारसायकलचा हप्ता कधी चुकवतात ते कळते, कारण जामीनदाराच्या रिपोर्टात मूळ कर्जदाराची थकबाकीही उतरते. विवाहित माणसाचे संयुक्त गृहकर्ज दिसते. तीन महिन्यांत चार ठिकाणी वैयक्तिक कर्जाची चौकशी झालेली दिसली की घरात काही अडचण आहे, हे न सांगता उघड होते. ती अडचण आजारपणाची की लग्नाची, ते मात्र कळत नाही, आणि वाचणारा आपल्या मनाने काहीतरी भरतो. सगळ्यांत बोचरी गोष्ट हप्त्याच्या रकान्याची आहे. ज्याच्याशी पगाराची बोलणी चालली आहेत त्याच्या डोक्यावर दरमहा किती हप्ता आहे, हे समोरच्याला आकड्यासकट ठाऊक असेल, तर ती बोलणी बरोबरीची राहत नाहीत. असे प्रत्येक कंपनी करते असे माझे म्हणणे नाही. पण ज्याला करायचे आहे त्याला आज कुणी अडवलेले नाही.

उलट ज्यासाठी हा रिपोर्ट मागितला जातो, ते त्यात नसते. बचत खात्यात किती पैसे आहेत, मुदत ठेवी किती, प्राप्तिकर भरला की नाही, कोर्टात फौजदारी खटला आहे का, मागच्या मालकाकडे काही अफरातफर केली का, यांपैकी एकाचीही नोंद क्रेडिट रिपोर्टात नसते. ज्याने कधी कर्जच घेतले नाही, त्याचा रिपोर्ट कोरा असतो, आणि कोऱ्या रिपोर्टाचा अर्थ प्रामाणिक असा लावायचा की संशयास्पद असा, हे कुणीच ठरवलेले नाही.

घरमालकांच्या बाबतीत हा विसंवाद आणखी ठळक आहे. पुण्या-मुंबईकडच्या लिव्ह अँड लायसन्स करारात भाडेकरूचा पोलीस पडताळणीचा अर्ज, नोंदणी, अनामत या गोष्टी रूढ आहेत. आता काही मालक आणि दलाल ‘सिबिल पाठवा’ असेही म्हणू लागले आहेत. घरभाड्याची नोंद आपल्याकडच्या क्रेडिट रिपोर्टात नेहमीच्या रीतीने होतच नाही. सात वर्षे न चुकता पहिल्या तारखेला भाडे भरणाऱ्याच्या रिपोर्टात त्या सात वर्षांचा मागमूस नसतो, आणि भाडे बुडवून रातोरात सामान हलवणाऱ्याच्या रिपोर्टातही नसतो. मालकाला भाड्याविषयी काहीच कळत नाही. कळते ते भाडेकरूचे पॅन, जन्मतारीख, जुने पत्ते आणि कर्जे. ही फाइल व्हॉट्सॲपवरून दलालाकडे जाते, दलालाकडून मालकाकडे, मालकाकडून सोसायटीच्या कुणाकडे, आणि कोणाच्याही फोनमधून ती पुसली जात नाही. खाते क्रमांक आणि कर्ज देणाऱ्याचे नाव ठाऊक असलेला माणूस ‘तुमच्या अमुक कर्जाबाबत बोलतोय’ असा फोन करू शकतो, आणि सायबर चोरांना नेमकी हीच सुरुवात हवी असते.

आपण ऑक्टोबर 2023 च्या परिपत्रकाने एक चांगली सोय केली: कर्ज देणाऱ्या संस्थेने किंवा अन्य विनिर्दिष्ट वापरकर्त्याने रिपोर्ट पाहिला की ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेलने कळवायचे. माझ्या ओळखीच्या काहींना यामुळेच कळले की त्यांच्या नावाने भलत्याच ठिकाणी कर्जाचा अर्ज गेला आहे. पण मी वर सांगितलेल्या वाटेवर ही सूचना निघतच नाही, कारण क्रेडिट माहिती कंपनीच्या दृष्टीने रिपोर्ट ग्राहकानेच पाहिलेला असतो. तो पुढे तपासणी संस्थेच्या किती जणांनी उघडला, किती काळ ठेवला, दुसऱ्या कुणाला दिला, याची कुठेच नोंद नाही. एखाद्या बँकेने चौकशी केली तर तिचे नाव आणि तारीख रिपोर्टात उमटते. ज्याला अधिकारच नाही, त्याचा माग राहत नाही.

विमा कंपन्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्या अधिकृत वापरकर्त्या आहेत. मोठ्या रकमेचा मुदत विमा देताना अर्जदाराचे उत्पन्न त्या रकमेला साजेसे आहे का, हे त्यांना पाहावे लागते, आणि पगाराची पावती किंवा प्राप्तिकर विवरण नसेल, तर क्रेडिट रिपोर्टावरून उत्पन्नाचा अंदाज बांधण्याची पद्धत काही विमा कंपन्यांत आहे. ज्याचे गृहकर्ज आणि दोन कार्डे वेळेवर चालली आहेत, त्याला यामुळे कागदपत्रांचा त्रास वाचतो, हे खरे. त्यात आजारपणाची माहिती नसते. ती प्रस्तावाच्या फॉर्ममधून आणि वैद्यकीय तपासणीतून येते. माझा आक्षेप वापराला नाही, तो सांगण्याच्या पद्धतीला आहे. फॉर्मच्या शेवटी बारीक अक्षरांतल्या संमतीत ही गोष्ट इतर दहा गोष्टींबरोबर येते, आणि विम्याची रक्कम कमी केली किंवा प्रस्ताव फेटाळला, तर त्यात रिपोर्टाचा वाटा किती होता, हे विचारायला अर्जदाराकडे नेमके कलम नाही. कायद्याचे कलम 21 रिपोर्टाची प्रत मागण्याचा हक्क देते तो कर्ज मागणाऱ्याला, आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडून. विमा मागणारा आणि नोकरी मागणारा हे दोघेही त्या वाक्यात बसत नाहीत.

बँकांच्या नोकरभरतीविषयी लिहिणे मला थोडे अवघड जाते, कारण तिथे मी बँकेच्या बाजूचा आहे. रोकड हाताळणाऱ्या, दुसऱ्यांची कर्जे मंजूर करणाऱ्या माणसाने स्वतःची कर्जे कशी फेडली, हे पाहण्यात मला गैर वाटत नाही. आयबीपीएसच्या 2023 च्या लिपिक भरतीच्या जाहिरातीत रुजू होताना किमान 650 स्कोअर हवा अशी अट होती, ती पुढच्या वर्षी बदलली. आता रिपोर्टात प्रतिकूल नोंद असलेल्याने रुजू होण्याआधी ती दुरुस्त करून घ्यावी किंवा बाकी नसल्याचा कर्जदात्याचा दाखला आणावा, नाहीतर नेमणूक मागे घेतली जाऊ शकते, असे म्हटले आहे. हा बदल शहाणपणाचा आहे, कारण स्कोअरचा आकडा कर्ज फिटेल की नाही याचा अंदाज देण्यासाठी बनवलेला असतो, लिपिकाच्या कामाचा अंदाज देण्यासाठी नव्हे, आणि निदान दाखल्याला तरी तिथे किंमत आहे. सगळ्या भरत्यांत तेवढीही नाही. स्टेट बँकेच्या 2020 च्या सर्कल बेस्ड ऑफिसर भरतीत नेमणुकीचे पत्र मिळालेल्या एका उमेदवाराची निवड क्रेडिट रिपोर्टातल्या प्रतिकूल नोंदींमुळे रद्द झाली. आपण सगळी कर्जे फेडली आहेत असे त्याचे म्हणणे होते, पण परतफेडीत कसूर झाल्याची नोंद असलेला उमेदवार पात्र नाही, असे जाहिरातीतच लिहिले असल्याने जून 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचा निर्णय योग्य ठरवला. जाहिरातीतल्या अटीवर तो निकाल बरोबर आहे. पण तीच कारणमीमांसा सॉफ्टवेअर कंपन्या आणि कॉल सेंटरे स्वतःच्या समर्थनासाठी पुढे करू लागली आहेत. बँकेला ही माहिती पाहण्याचा कायदेशीर अधिकार आहे, त्यांना नाही, हा फरक त्यांत विसरला जातो.

परदेशात हे कसे चालते, याची माहिती मी मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांकडून घेतली, आणि मग तिथला कायदा वाचला. तिथे नोकरी देणाऱ्याला, घरमालकाला आणि विमा कंपनीला, तिघांनाही रिपोर्ट पाहता येतो, त्यामुळे तिथली पद्धत आपल्यापेक्षा सैल आहे असे प्रथम वाटते. पण 1970 च्या त्यांच्या कायद्यात नोकरीसाठीची वाट स्वतंत्र आखलेली आहे. कंपनीला आधी वेगळ्या कागदावर लेखी कळवावे लागते आणि लेखी संमती घ्यावी लागते. क्रेडिट कंपन्या नोकरीसाठी जो रिपोर्ट देतात त्यात स्कोअर नसतो. आणि रिपोर्टामुळे उमेदवाराला नाकारायचे असेल, तर नाकारण्यापूर्वी त्याला त्या रिपोर्टाची प्रत आणि त्याच्या हक्कांचे पत्रक द्यावे लागते, म्हणजे नोंद चुकीची असेल तर बोलायला वेळ मिळतो. घरमालकाने किंवा विमा कंपनीने रिपोर्टामुळे नकार दिला किंवा जास्त पैसे लावले, तरी तसे कळवणे बंधनकारक आहे. त्या कायद्याने दार उघडे ठेवले आणि दारावर पहारा बसवला. आपण दार बंद केले, पण मागच्या अंगणाची वाट मोकळी सोडली.

यात आपल्या बँकेने काय करावे, याबद्दल माझे म्हणणे मर्यादित आहे. ग्राहकाने स्वतःचा रिपोर्ट कुणालाही दाखवू नये, असा नियम करता येणार नाही आणि तो करूही नये. वकिलाला, सल्लागाराला, मुलाला तो दाखवावाच लागतो. पण क्रेडिट माहिती कंपन्या आपल्या नियंत्रणात आहेत, आणि ग्राहकाच्या प्रतीचे स्वरूप आपण ठरवू शकता. चारही कंपन्यांना पूर्ण प्रतीबरोबर एक ‘तिऱ्हाइतासाठीची प्रत’ देणे बंधनकारक करावे. तिच्यात ग्राहकाचे नाव, पॅनमधले चार अंक आणि आजच्या तारखेला थकबाकी, निर्लेखन, तडजोड किंवा दावा दाखल असलेले खाते आहे की नाही, असेल तर किती रकमेचे, एवढेच असावे. संस्थांची नावे, खाते क्रमांक, पत्ते, चौकशांची यादी, हप्त्याचे आकडे आणि जामिनाची खाती त्यातून वगळावीत. प्रत कुणासाठी काढली त्याचे नाव तिच्या प्रत्येक पानावर छापलेले असावे आणि ठरावीक दिवसांनी तिची पडताळणी बंद व्हावी. मग कंपनीने पूर्ण रिपोर्ट मागितला, तर उमेदवाराला निदान ‘रिझर्व्ह बँकेने यासाठी ही प्रत ठरवून दिली आहे’ असे म्हणता येईल. नोकरी हवी असलेल्या माणसाला स्वतःच्या बळावर नाही म्हणता येत नाही. नियमाच्या आधाराने म्हणता येते.

त्याचबरोबर कलम 22 चा अर्थ आपण एका परिपत्रकाने स्पष्ट करावा. अधिकार नसलेल्या संस्थेने नोकरीची किंवा भाडेकराराची अट म्हणून ग्राहकाला त्याचा पूर्ण रिपोर्ट द्यायला लावणे, किंवा त्याच्या मोबाइलवरचा ओटीपी घेऊन स्वतःच तो उतरवून घेणे, हे त्या कलमात बसते की नाही, यावर आज ज्याला जे सोयीचे ते तो बोलतो. दुसऱ्या प्रकारात तर मला शंका वाटत नाही: ओटीपी ग्राहकाचा असला, तरी माहिती थेट क्रेडिट माहिती कंपनीकडून निघून तिऱ्हाइताच्या संगणकावर उतरलेली असते. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा पूर्णपणे लागू झाला की हा प्रश्न आपोआप सुटेल, असे काही जण म्हणतात; पण मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरण्याची मोकळीक त्या कायद्यातच आहे, आणि तिचा आधार घेतला जाणार नाही, असे समजणे भाबडेपणाचे होईल.

बँकांच्या भरतीसाठी केलेली तपासणी कर्जाच्या चौकशीपासून वेगळ्या उद्देशाने नोंदवली जावी, म्हणजे नोकरीच्या तपासणीमुळे उमेदवार कर्जाच्या मागे लागला आहे, असा पुढे कुणाचा समज होणार नाही. आणि नेमणूक मागे घेण्याआधी रिपोर्टाची प्रत देऊन 30 दिवसांची मुदत द्यावी, कारण दुरुस्तीसाठी आपणच तेवढी मुदत ठरवली आहे. विमा कंपन्यांच्या बाबतीत, रिपोर्टामुळे निर्णय बदलला तर तसे लेखी कळवण्याची तरतूद विमा नियामकाशी बोलून करता येईल.

लातूरच्या त्या मुलीच्या रिपोर्टात आता कार्डाचे खाते बंद दिसते, शिल्लक शून्य दाखवते, आणि थकबाकीची ती चढती रांग पुढची काही वर्षे तशीच राहील. ती पुन्हा नोकरी शोधते आहे. या पत्राच्या उत्तराआधी तिला पुढच्या कंपनीचा ईमेल आला, तर त्यातल्या ‘सर्व पाने’ या ओळीला तिने काय उत्तर द्यावे, एवढे आपल्या बँकेने कळवावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कर्ज अधिकारी,
पुणे